पुराव्यासह चुकणारे उत्तर

चॅटबॉटला एखादी गोष्ट ठाऊक नसली तरी तो ठामपणे काहीतरी रचून सांगतो. या दोषाला हॅल्युसिनेशन म्हणतात. त्यावरचा उपाय म्हणून २०२० पासून रिट्रीव्हल ऑगमेंटेड जनरेशन, थोडक्यात ‘रॅग’, ही पद्धत पुढे आली. तिचे सूत्र साधे आहे: आधी शोधा, मग लिहा.

रुग्णालयाच्या उपचार-नियमावलीचे काहीशे शब्दांचे तुकडे केले जातात. प्रत्येक तुकड्याचे आकड्यांच्या लांबलचक यादीत रूपांतर होते, तेच एम्बेडिंग. अर्थाने जवळचे मजकूर या आकड्यांतही जवळ येतात. म्हणून ‘साखर वाढली’ असे विचारले तरी ‘हायपरग्लायसेमिया’चा उतारा सापडतो. प्रश्नाच्या सर्वांत जवळचे चार-पाच तुकडे मॉडेलपुढे ठेवले जातात. आठवणीतून लिहिण्याऐवजी ते समोरच्या मजकुरावरून लिहिते, त्यामुळे रचलेली उत्तरे कमी होतात.

पण तुकडाच चुकीचा आला तर? सत्तर वर्षांच्या एका मधुमेही बाईंचे क्रिएटिनिन १.३ आहे, असे धरू. त्यांना मेटफॉर्मिन सुरू करावे का? अमेरिकेतील जुन्या नियमानुसार स्त्रियांमध्ये क्रिएटिनिन १.४ किंवा अधिक असेल तरच हे औषध टाळायचे होते. म्हणजे उत्तर ‘हो’. २०१६ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने हा निकष बदलला. आता मूत्रपिंडाची गाळणक्षमता, म्हणजे ईजीएफआर, पाहतात. ती ३० च्या खाली असेल तर औषध द्यायचे नाही, ३० ते ४५ असेल तर नव्याने सुरू करू नये. २०२१ च्या सूत्राने या बाईंचा ईजीएफआर सुमारे ४४ येतो. म्हणजे उत्तर ‘नको’.

संग्रहात दोन्ही नियमावल्या असतील, तर एम्बेडिंगच्या दृष्टीने दोन्ही उतारे जवळचेच. जवळीक विषयाची मोजली जाते. कोणता नियम रद्द झाला, हे तिला कळत नाही. त्यातही प्रश्नात ‘क्रिएटिनिन’ हा शब्द असल्याने जुना उताराच वर येण्याची शक्यता अधिक. कधी नवी नियमावली सापडते, पण तुकडा नेमका ‘नव्याने सुरू करू नये’ या वाक्याच्या आधी तुटलेला असतो. दोन्ही वेळा मॉडेल काहीही रचत नाही. समोरचे प्रामाणिकपणे वाचते आणि संदर्भ देऊन चुकते. असे उत्तर निराधार उत्तरापेक्षा घातक, कारण संदर्भ दिसला की वाचणारा शंका घेत नाही.

म्हणून अशी प्रणाली वापरात आणण्यापूर्वी केवळ उत्तरे तपासणे पुरेसे नाही. उत्तर आधीच माहीत असलेले प्रश्न देऊन योग्य तुकडा वर आला का, हे स्वतंत्रपणे पाहावे. रद्द झालेल्या नियमावल्या संग्रहातून काढाव्यात, तक्ते आणि अपवाद एकाच तुकड्यात ठेवावेत. उत्तरासोबत मूळ उतारा आणि त्याचे वर्ष दिसलेच पाहिजे. औषधाच्या चिठ्ठीवर सही करणाऱ्याने ते वर्ष आधी वाचावे.