कोडआधी पत्ता तपासा

डीटीपी आणि छपाईतल्या मित्रांनो,

व्हिजिटिंग कार्डावर, बायोडेटावर किंवा स्लाइडवर 'प्रोफाइलचा क्यूआर टाकून द्या' असं सांगणारं गिऱ्हाईक आता रोजचं झालं आहे. आपण लिंक चिकटवतो, कोड तयार करतो आणि जागा मिळेल तिथे बसवतो. पण कोड वाचला जाईल की नाही, हे लिंकच्या लांबीवर बरंचसं आधीच ठरून गेलेलं असतं.

समजा, पुलगावला लागून असलेल्या नाचणगावच्या एका व्यावसायिकाने आपल्या पानाच्या पत्त्यात गावाचं नाव मराठीत ठेवलं आहे. ब्राउझरमधून तो पत्ता कॉपी केला, की प्रत्येक देवनागरी चिन्हाची टक्केचिन्हांसह नऊ अक्षरं होतात. 'नाचणगाव'मध्ये काने धरून सात चिन्हं आहेत, म्हणजे गावाचं नावच ६३ अक्षरांचं झालं. `https://example.in/` ही १९ अक्षरं धरली तर एकूण ८२. दुरुस्तीची पातळी नेहमीची 'एम' ठेवली, तर त्यासाठी ३७ × ३७ चौकटींचा कोड लागतो. तेच `https://example.in/nachangaon` असं लिहिलं तर २९ अक्षरं होतात आणि २९ × २९ चौकटी पुरतात.

कार्डावर हा फरक डोळ्यांना दिसतो. कोडाभोवती चारही बाजूंनी चार-चार चौकटींची पांढरी जागा सोडावीच लागते. ती धरून १८ मिमी जागा दिली, तर पहिल्या कोडाची एक चौकट ०.४ मिमीची होते, दुसऱ्याची जवळजवळ अर्ध्या मिमीची. शाई जरा पसरली किंवा खोलीत उजेड कमी असला, की आधी अडतो तो पहिलाच. जागा वाचवण्यासाठी भोवतीचा पांढरा भाग कापला, तर चांगला कोडही वाचला जाईलच असं नाही.

स्लाइडचा हिशेब अंतराचा आहे. ढोबळमानाने कोडाच्या रुंदीच्या दहापट अंतरावरून तो वाचता येतो. शेवटचा बाक सहा मीटरवर असेल, तर पडद्यावर कोड ६० सेंमीचा हवा. कोपऱ्यातला दहा सेंमीचा कोड पहिल्या रांगेलाही पुरत नाही. म्हणून शेवटची स्लाइड कोडासाठी मोकळी ठेवा आणि खाली छोटी लिंक ठळक लिहा.

बायोडेटा बहुतेक वेळा मोबाइलवरच उघडला जातो, आणि ज्या पडद्यावर कोड दिसतो तोच फोन त्या कोडासमोर कसा धरणार? तिथे दाबता येणारी, वाचता येणारी लिंकच मुख्य. कोड फक्त छापील प्रतीसाठी.

आणखी एक. मधल्या सेवेतून फिरणारा फुकट कोड चाचणीची मुदत संपल्यावर बंद पडू शकतो, आणि छापलेली कार्डं वाया जातात. म्हणून कोडात गिऱ्हाइकाचा स्वतःचा कायमचा पत्ता घाला. खऱ्या मापाचं प्रूफ पांढऱ्यावर काळ्यात काढा, एका जुन्या आणि एका नव्या फोनवर गिऱ्हाइकासमोर उघडून दाखवा, आणि मगच छपाईला घ्या.