बिल हातात आहे, पण 2B मध्ये आहे का?

ईदसाठी माल भरणारे दुकानदार आम्हाला विचारतात, बिलावर कर दिला, मग वजावट का अडते?

समजा, एक लाखाचा कपडा घेतला आणि 5 टक्क्यांनी 5,000 रुपये कर दिला. ते आपल्या करातून वजा करण्याआधी पोर्टलवर GSTR-2B उघडून पाहावे. ते दर महिन्याच्या 14 तारखेला तयार होते. महिन्याला रिटर्न भरणाऱ्या व्यापाऱ्याने 11 तारखेपर्यंत GSTR-1 मध्ये आपले बिल दाखवले, तरच ते त्यात येते. त्याने उशीर केला, तर बिल पुढच्या महिन्यात दिसते. वजावटही तेव्हाच घ्यावी.

बिल दिसतच नसेल, तर बहुधा आपला जीएसटी क्रमांक चुकलेला असतो किंवा बिल किरकोळ ग्राहकांच्या रकान्यात गेलेले असते. दुरुस्ती त्या व्यापाऱ्यालाच करावी लागते, आणि पैसे पोचल्यावर तो फोन उचलेलच असे नाही! म्हणून कराची रक्कम बिल 2B मध्ये दिसल्यावर देऊ, असे सौदा करतानाच ठरवावे.

मात्र दिसले ते सगळेच आपले नसते. त्याच बिलात घरच्या निकाहसाठी 20,000 चा कपडा असेल, तर त्यावरचे 1,000 सोडून 4,000 रुपयेच घ्यावेत.