आठवणी साठवणे पुरेसे नाही

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळांतून एक चांगली प्रथा रुजली आहे. भारतातून आलेल्या आई-वडिलांना जयंतीच्या अथवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेत बसवायचे, १९५६ सालच्या नागपूरची आठवण सांगण्याची विनंती करायची आणि ते कथन मोबाइलवर मुद्रित करून ठेवायचे. त्या दिवसाचे साक्षीदार आता थोडेच उरले आहेत. त्यांची साक्ष जपली पाहिजे याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, हे काम इतिहासाचे आहे, ते सांगणाऱ्या वृद्ध माणसाचे नव्हे. आम्ही दोघेही संगणकप्रणाली लिहून पोट भरतो. आमच्या पेशात नोंदी साठवणे आणि त्या नोंदी वाचून बिघाड कुठे आहे हे शोधणे ही दोन निराळी कामे मानतात. आपण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत पहिले काम करतो आणि दुसरेही झाले, अशी समजूत करून घेतो.

म्हातारी माणसे जुन्या गोष्टी उगाळत बसतात, ही तक्रार सर्व समाजांत आहे. वैद्यकशास्त्रही फार काळ हेच म्हणत होते. भूतकाळात रमणे हे बुद्धी मंदावत चालल्याचे लक्षण समजले जाई. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली एका निबंधात याच्या नेमके उलट मत मांडले. मृत्यू जवळ आल्याची जाणीव झाली की, माणूस आपोआपच आपले आयुष्य पुन्हा तपासू लागतो आणि न सुटलेले प्रसंग वर येऊ लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. या तपासणीला त्यांनी जीवनसमीक्षा म्हटले. तिच्यातून शांती लाभू शकते, तशीच अपराधभावना आणि निराशाही वाढू शकते, हेही त्यांनी त्याच निबंधात सांगून ठेवले होते. पुढे पॉल वाँग आणि लिसा वॉट यांनी १९९१ साली स्मरणाचे सहा प्रकार दाखवले. त्यांतले दोन आपल्याला पुरेसे आहेत. एका प्रकारात माणूस घडलेले स्वीकारून आयुष्याचा मेळ घालतो. दुसऱ्यात तो त्याच जखमेभोवती घुटमळत राहतो. चांगल्या रीतीने म्हातारपण काढणाऱ्यांत त्यांना पहिला प्रकार अधिक आढळला आणि दुसरा कमी.

आमच्या घरी हे शिकण्याची वेळ अशी आली. आई गेल्यानंतर दादांना, म्हणजे आमच्या वडिलांना, आम्ही न्यू जर्सीला घेऊन आलो. वय अठ्ठ्याहत्तर, पोस्ट खात्यातून निवृत्त. पहिल्याच हिवाळ्यात त्यांचे जेवण कमी झाले आणि पहाटे दोनला जाग येऊन ते खिडकीशी बसून राहू लागले. डॉक्टरांनी तपासले, वृद्धांसाठी असलेली पंधरा प्रश्नांची चाचणी घेतली आणि सौम्य नैराश्य असल्याचे सांगितले. औषधाची घाई न करता काही आठवडे लक्ष ठेवू आणि तोवर जीवनसमीक्षेचा प्रयोग करून पाहा, असे त्यांनी सुचवले.

पद्धत साधी आहे. बार्बरा हेट या परिचारिका-संशोधिकेने ती घडवली. एक सांगणारा आणि एक ऐकणारा, आठवड्यातून एकदा तासभर, अशा सहा ते आठ बैठका. बालपणापासून क्रमाने पुढे यायचे: पहिली आठवण, घर, शाळा, तारुण्य, काम, संसार. शेवटच्या बैठकांत नवे काही सांगायचे नसते, तर झालेले तोलायचे असते. कशाचा अभिमान वाटतो, काय वेगळे करायला हवे होते, कशाला अर्थ होता. गप्पांत आपण आवडते तेवढेच सांगतो. येथे सारे आयुष्य ओलांडावे लागते आणि त्यावर स्वतःच मत द्यावे लागते. २०१२ साली मार्टिन पिंक्वार्ट आणि सायमन फॉर्स्टमायर यांनी अनेक प्रयोगांचे एकत्रित परीक्षण केले, तेव्हा नैराश्यावर नुसत्या स्मरणरंजनापेक्षा जीवनसमीक्षेवर आधारलेल्या उपचाराचा परिणाम अधिक दिसला.

तरीही आमची सुरुवात चुकलीच. तिसऱ्या बैठकीत शाळा आली. दाराशी बसवणे, पाणी वरून ओंजळीत ओतणे, मास्तरांनी दुरून फेकलेली पाटी. दादांनी हे सारे जयंतीच्या मंचावर सांगावे तसे सांगितले. तेच शब्द, तोच शेवट. आम्ही भारावून म्हणालो, "दादा, हे पुढच्या वेळी रेकॉर्ड करू." बैठक तिथेच संपली. रात्रीचे नऊ वाजले होते. त्या रात्री ते झोपलेच नाहीत.

चुका दोन होत्या. अपमानाच्या टोकावर बैठक सोडून दिली, हे एक. आणि ऐकता ऐकता आम्ही श्रोते न राहता संग्राहक झालो, हे दुसरे. पुढच्या वेळेपासून बैठक रविवारी सकाळी घेतली आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला. कठीण प्रसंग आला की, तो टाळायचा नाही, मात्र त्यानंतर विचारायचे: तेव्हा जवळ कोण होते? त्यातून पुढे कसे आलात? आज त्या मुलाकडे पाहून काय वाटते? या प्रश्नांनी अन्याय लहान होत नाही. त्यांनी माणूस त्या दाराशी अडकून न राहता तिथून पुढे चाललेली वाटही पाहतो.

'तेव्हा जवळ कोण होते?' या प्रश्नानेच घरात कधी न उच्चारलेली गोष्ट बाहेर आली. नागपूरची कहाणी आम्ही लहानपणापासून शंभरदा ऐकली होती. मलकापूरहून रेल्वे, आजोबा-आजींची पांढरी वस्त्रे, नऊ वर्षांचे दादा. या वेळी विचारले, "आणि अक्का?" दादा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अक्का नव्हती. भाड्याचे पैसे तिघांचेच होते. ती धाकट्याला आणि शेळ्यांना सांभाळत घरी राहिली." अक्का त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. चौथीतून तिची शाळा सोडवली होती, दादांची सुटू नये म्हणून.

त्यापुढच्या बैठकीत १९७२चा दुष्काळ आला. दादांची नवी नोकरी, नवे लग्न. गावाकडे एस.टी.ने येताना रस्त्याच्या दुष्काळी कामावर बायका खडी फोडत बसलेल्या दिसल्या. त्यांत अक्का होती. गाडी तिथे थांबली होती. दादा उतरले नाहीत. त्यांनी तोंड दुसऱ्या बाजूला वळवले. अक्का जाऊनही आता पंधरा-सोळा वर्षे झाली. पहाटे दोनला खिडकीशी जी बसत होती, ती शाळेची पाटी नव्हती. ती ही एस.टी. होती.

येथे आमचा मुद्दा स्पष्ट व्हावा. आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणींना चळवळीने एक साचा दिला आहे: अन्याय, संघर्ष, उत्थान. तो साचा खरा आहे आणि त्यानेच आपल्याला उभे केले. मात्र माणसाला जे छळते ते पुष्कळदा त्या साच्याबाहेर असते. जगाने आपल्यावर काय केले याच्या शेजारीच, वर येताना आपण आपल्या माणसांचे काय केले, हा प्रश्न उभा असतो. तो मंचावरून सांगता येत नाही आणि टाळ्यांनी मिटतही नाही. आपल्या साहित्याने हे धैर्य कधीच दाखवले आहे. १९७८ साली आलेल्या दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये स्वतःलाही सूट दिलेली नाही. जे पुस्तकांत मान्य केले, ते आपल्या दिवाणखान्यात ऐकण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे.

कोणी विचारील की, भूतकाळामागे धावू नये हीच तर तथागतांची शिकवण. मज्झिम निकायातील भद्देकरत्त सुत्त तेच सांगते. आम्हांला यात विरोध दिसत नाही. गेलेल्याला कवटाळून राहणे आणि गेलेले आज स्वच्छ पाहणे यांत अंतर आहे. पहाटे दोनला दादा धावतच होते. रविवारी सकाळी ते प्रथम थांबले.

सातव्या बैठकीनंतर त्यांनी आपणहून अक्काच्या मुलीला गावी फोन लावला आणि एस.टी.ची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मामा, आई सांगायची की. पांढरा सदरा घालून माझा भाऊ गाडीत चालला, म्हणून तिने सगळ्या बायांना दाखवलं होतं." दादा रडले. पण शेवटच्या बैठकीत त्यांनी काढलेला निष्कर्ष आम्ही लिहून दिला असता त्याहून कठोर होता. "तिने मनात धरलं नाही, हे तिचं मोठेपण. मी उतरलो नाही, हे माझं. दोन्ही खरं आहे." ते पूर्ण सुखी झाले असे नाही. जेवण सुधारले, झोप आता चार-साडेचारपर्यंत लागते, आणि डॉक्टरांच्या चाचणीतला आकडा खाली आला. त्याहून मोठी खूण आम्हांला वेगळीच वाटते. नागपूरच्या कहाणीचे शब्द बदलले. आता ती घरी राहिलेल्या अक्कापासून सुरू होते.

हीच कसोटी आम्ही इतर कुटुंबांना सुचवू. तीच गोष्ट त्याच शब्दांत, त्याच संतापावर संपत असेल आणि सांगितल्यावर माणूस अधिक थकत असेल, तर ते घुटमळणे आहे. सलग दोन बैठकांनंतर झोप अथवा जेवण बिघडले, तर थांबावे. जगणे नको अशी भाषा आली, किंवा आठवण सांगताना ती आत्ताच घडते आहे असे माणसाला वाटू लागले, तर हे काम मुलांचे नाही, तज्ज्ञाकडे जावे. स्मृतिभ्रंश झालेल्यांना तोलण्याचे प्रश्न विचारू नयेत. जुने छायाचित्र, जात्यावरचे गाणे, हाती दिलेली एखादी ओळखीची वस्तू एवढेच त्यांच्यासाठी ठीक. आणि जे उघडायचे नाही असे माणसाने ठरवले असेल, ते उघडण्याचा हक्क मुलगा अथवा सून म्हणून आपल्याला मिळत नाही. हा लेखही दादांनी वाचून संमती दिल्यावरच आम्ही पाठवत आहोत.

पुढच्या १४ ऑक्टोबरला आपण पुन्हा कॅमेरा लावू, तो अवश्य लावू. त्याआधी आठ रविवार मात्र कॅमेऱ्याविना जावेत, आणि नागपूरच्या त्या गाडीत कोण बसले याबरोबर कोण बसू शकले नाही, हेही विचारले जावे.

जय भीम.