हात बांधण्याआधी कारण शोधा

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात रात्री दोन वाजता असे दृश्य नेहमी दिसते. मांडीचे हाड मोडल्याने शस्त्रक्रिया झालेले बहात्तर वर्षांचे आजोबा. पहिला दिवस शांततेत गेला. दुसऱ्या रात्री मात्र ते सलाईन ओढू लागतात, खाटेवरून उतरू पाहतात, मुलालाच 'तू कोण?' विचारतात. सिस्टर एकटी, वॉर्ड भरलेला. मग गॉजची पट्टी येते आणि दोन्ही मनगटे खाटेच्या कठड्याला बांधली जातात. आजोबा आणखी जोराने ओढतात, तशी गाठ आणखी आवळते.

याला सर्रास 'पेशंट त्रास देतोय' म्हटले जाते. वस्तुतः ही डिलिरियम, म्हणजे अचानक आलेली भ्रमावस्था असते. तो वेडेपणा नव्हे, हट्टही नव्हे. शरीरात काहीतरी बिघडल्याची ती खूण आहे. रक्तातले सोडियम किंवा साखर उतरणे, ऑक्सिजन कमी पडणे, जंतुसंसर्ग, न शमलेली वेदना, रोजची दारू अचानक बंद होणे, यांपैकी काहीही मुळाशी असू शकते. या आजोबांच्या बाबतीत लघवीची नळी मांडीखाली दुमडली होती. मूत्राशय तुंबले होते आणि वेदनाशामकाचा रात्रीचा डोस राहून गेला होता. नळी सरळ केली, औषध दिले, चष्मा आणि कानातले यंत्र परत दिले, मुलाला उशाशी बसवले. आजोबा पहाटे झोपले. हात नुसते बांधून ठेवले असते, तर तुंबलेली लघवी सकाळपर्यंत कोणाच्या लक्षातही आली नसती.

बांधणे निरुपद्रवी नसते. घट्ट पट्टीने मनगटाची नस दबते, बोटे सुन्न पडतात. उताण्या बांधलेल्या रुग्णाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. न हलल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा होतात. आणि भ्रम वाढतो, कारण आपल्याला का बांधले हे त्या माणसाला कळतच नसते. जास्तीचे गुंगीचे औषध देऊन पाडून ठेवणे हेही एक प्रकारचे बांधणेच.

तरीही कधी कधी बांधावे लागते. श्वासाची नळी ओढून काढू पाहणाऱ्या रुग्णाला तेवढ्यापुरते रोखणे जीव वाचवणारे ठरते. प्रश्न कसोटीचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९७ मध्ये ती स्पष्ट आहे. तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तरच बांधावे, प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या मान्यतेने, अत्यावश्यक तेवढाच वेळ; शिक्षा म्हणून नाही आणि कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही. हा कायदा मानसिक आरोग्य संस्थांसाठी आहे. पण मेडिसिन किंवा अस्थिरोगाच्या वॉर्डातल्या माणसाचे मनगट वेगळे नसते. तिथेही हीच कसोटी लावायला हवी. मान्यता तिथल्या उपचार करणाऱ्या डॉक्टरची असावी.

बांधलेच तर रुंद, मऊ पट्टा वापरावा. पट्टा आणि कातडी यांत दोन बोटे सहज शिरली पाहिजेत. गाठ एका ओढीत सुटणारी हवी आणि ती वरखाली होणाऱ्या कठड्याला न बांधता खाटेच्या सांगाड्याला बांधावी. रुग्णाला पालथे कधीही बांधू नये. उशाकडची बाजू उंच ठेवावी. सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी श्वास पाहावा, बोटांचा रंग, ऊब आणि सूज तपासावी. किमान दर दोन तासांनी एकेक हात सोडून हलवावा, लघवीचे विचारावे, गिळता येत असेल तर पाणी द्यावे आणि बांधण्याची गरज अजून आहे का, हे नव्याने ठरवावे.

संमतीचा मुद्दा नाजूक आहे. भ्रमात असलेला माणूस संमती देऊ शकत नाही. दाखल होताना घेतलेली सही म्हणजे बांधण्याचा परवाना नव्हे. आणीबाणीत आधी कृती करावी लागते. पण नातेवाइकांना लगेच कारण सांगावे आणि शुद्ध आल्यावर रुग्णालाही समजावून सांगावे. केसपेपरवर 'पेशंट अस्वस्थ, हात बांधले' एवढे पुरत नाही. नेमके काय घडत होते, आधी कोणते उपाय केले, आदेश कोणी दिला, किती वाजता बांधले, प्रत्येक तपासणीत काय दिसले आणि कधी सोडले, हे सारे लिहिले पाहिजे. 'गरज लागल्यास बांधावे' असा आगाऊ आदेश तर असूच नये.

मनुष्यबळ कमी आहे, हे खरेच. पण आपल्याकडे सोबतीला नातेवाईक असतात आणि रात्री त्यांनाच व्हरांड्यात पाठवले जाते. भ्रमात असलेल्या रुग्णाजवळ एका ओळखीच्या माणसाला थांबू द्यावे, अशी लेखी परवानगी रुग्णालय प्रशासनाने द्यावी. तिला वेगळा खर्च नाही, आणि अनेक गाठी त्यामुळे मारायच्याच राहतील.