‘तातडीने’ म्हणजे किती वाजता?

तालुक्याच्या गावातले रंग-हार्डवेअरचे दुकान. गल्ल्यामागच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला. व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेल्या एका सायबर इशाऱ्याचा तो मराठी गोषवारा. तीन रकाने: धोका, तपासणी, तातडी. धोक्याखाली ‘विनरार सॉफ्टवेअरमध्ये गंभीर त्रुटी’. तपासणीखाली ‘नवीन आवृत्ती घ्यावी, अनोळखी फाइल उघडू नये, अँटिव्हायरस चालू ठेवावा’. तातडीखाली वरपासून खालपर्यंत एकच शब्द, ‘तातडीने’. कागदावरची चिकटपट्टी पिवळी पडली होती. संगणकात विनरार 6.11 तसेच होते.

दुकानदार निष्काळजी नव्हता. त्याने कागद वाचला होता, छापून घेतला होता, भिंतीवर लावला होता. ‘तातडीने’ म्हणजे आज की या महिन्यात, एवढेच त्याला त्यातून कळले नाही. बिलिंगवाला येईल तेव्हा सांगू, असे त्याने मनाशी ठरवले. बिलिंगवाला आला तेव्हा प्रिंटर बिघडलेला होता, आणि विषय तिथेच राहिला.

हा शब्द कागदावर आला कसा? मूळ इशाऱ्यात तीव्रतेचा रकाना असतो आणि त्यात ‘उच्च’ असे लिहिलेले असते. गोषवारा करणाऱ्याने ‘उच्च’चे ‘तातडीने’ केले आणि तो पुढच्या ओळीला लागला. पण तीव्रता मोजली जाते ती भगदाडाची. या भगदाडाला, म्हणजे CVE-2025-8088 ला, मोजपट्टीच्या एका आवृत्तीत 8.4 गुण आहेत आणि दुसऱ्या आवृत्तीत 8.8. दोन्ही आकडे दहापैकी. तुमच्या दुकानात विनरार आहे की नाही, दिवसाला किती .rar फाइली येतात, संगणक रात्री बंद होतो की नुसता पडदा काळा होतो, यातले काहीच त्या आकड्याला ठाऊक नाही. दुकानाची तातडी त्यातून काढणे म्हणजे पावसाचे मिलिमीटर वाचून आपले छप्पर गळते का ते ठरवणे.

ती काढायची असेल तर त्रुटी काम कशी करते, ते पाहावे लागते. विनरारमध्ये फाइल सोडवताना ती कुठे ठेवायची ते आपण सांगतो. जुन्या आवृत्त्यांत ही जागा फाइल बनवणाऱ्यालाच ठरवता येत होती. पाकिटात दिसायला एकच कागद असतो, एखादा बायोडेटा किंवा दरपत्रक. त्याच्या आड न दिसणाऱ्या आणखी फाइली दडवलेल्या असतात. आपण ‘डेस्कटॉपवर सोडव’ म्हणतो. कागद डेस्कटॉपवर येतो आणि आडच्या फाइलींपैकी एक गुपचूप विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये जाऊन बसते. तिथे जे असेल ते पुढच्या लॉगिनला आपोआप चालते.

पुढच्या लॉगिनला. गोषवाऱ्यातून नेमके हेच गळाले, आणि दुकानाचे घड्याळ तर यावरच चालते. फाइल दुपारी सोडवली तर स्टार्टअपमधली ती वस्तू त्या दिवशी निपचित पडून असते. रात्री संगणक बंद होतो, सकाळी पूजा करून कुणीतरी तो चालू करतो, पासवर्ड टाकतो, आणि तेव्हा ती जागी होते. म्हणजे ‘तातडीने’ला इथे ठरलेली वेळ आहे: आज शटर ओढण्याआधी. उद्या सकाळी पाहिले तर उशीर झालेला असेल, कारण पाहण्यासाठी संगणक चालू करणे हीच ती घटका.

या दुकानात आणखी एक गोष्ट होती. संगणक रोज बंद केलाच जात नव्हता. बिलिंग पुन्हा उघडायला वेळ लागतो म्हणून तो झोपवून ठेवत. झोपलेला संगणक जागा करणे म्हणजे नवे लॉगिन नव्हे. अशा यंत्रात आत शिरलेली वस्तू आठवडाभरही पडून राहील आणि वीज गेली की त्याच दिवशी उठेल. बिघाड विजेने झाला, असे मग सगळे म्हणतील.

तेव्हा पहिली तपासणी आवृत्तीची नाही, फोल्डरची. विंडोजचे बटण आणि R एकत्र दाबायचे, चौकटीत हे लिहायचे आणि एंटर.

```
shell:startup
```

बहुतेक दुकानांत फोल्डर रिकामा असतो, किंवा बिलिंग आपोआप उघडावे म्हणून कुणीतरी ठेवलेला एखादा शॉर्टकट असतो. आपण ठेवला नाही असा शॉर्टकट दिसला तर थांबायचे. पहिल्या हल्ल्यांतल्या अशा एका शॉर्टकटचे नाव Updater.lnk होते. शेवटचे .lnk विंडोज दाखवत नाही, त्यामुळे दिसते ते फक्त Updater, कोपऱ्यात छोटा बाण. नाव मुद्दाम सोज्वळ असते. हे काय आहे म्हणून त्यावर डबल-क्लिक करण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि केले की तो स्वतःच ते चालवतो. राइट-क्लिक, Properties, आणि Target या ओळीचा मोबाइलने फोटो. मग नेटची वायर काढायची, वायफाय बंद करायचे, आणि माहीतगार येईपर्यंत संगणक बंद किंवा रीस्टार्ट करायचा नाही. त्या यंत्रावर बँक उघडायची नाही. शॉर्टकट आल्यानंतर एकदाही लॉगिन झालेले असेल तर तो पुसून भागत नाही. तो चालून गेलेला असतो आणि बाकीचे सामान दुसरीकडे उतरलेले असते.

आवृत्ती दुसऱ्या क्रमांकावर. विनरार उघडून Help, मग About WinRAR. 7.13 किंवा त्यापुढची हवी. दुरुस्ती 30 जुलै 2025 पासून तयार आहे, पण विनरार स्वतःहून अद्ययावत होत नाही. ब्राउझरला जी सवय आहे ती याला नाही. नवी आवृत्ती कुणीतरी हाताने उतरवून घालावी लागते, आणि ती बनवणाऱ्याच्याच संकेतस्थळावरून. चाळीस दिवसांच्या चाचणीवर वर्षानुवर्षे चालणारे, कुणीतरी पेनड्राइव्हवरून घालून दिलेले विनरार ज्या देशात घरोघरी आहे, तिथे ‘नवीन आवृत्ती घ्यावी’ या तीन शब्दांत काम उरकत नाही.

या तपासणीची तातडी मात्र घड्याळाने सांगता येत नाही. ती घटनेने सांगावी लागते: पुढची .rar फाइल उघडण्याआधी. करसल्लागाराकडून बॅकअप दिवाळीनंतर येणार असेल तर दिवाळीपर्यंत वेळ आहे. डिझायनर रोज लेबलांच्या फाइली .rar करून पाठवत असेल तर दुपारच्या जेवणाआधी. एकाच त्रुटीच्या, एकाच गुणांच्या या दोन तातड्या आहेत. आणि ज्याच्याकडे विनरार नाही, त्याच्या रकान्यात ‘काही करू नका’ असे स्पष्ट लिहायला हवे. मोबाइलवरच्या अँड्रॉइड आवृत्तीलाही ही बाधा नव्हती, तीही ओळ हवी. त्या कागदावर ती नव्हती म्हणून दुकानदाराने घाबरून मोबाइल रीसेट केला होता आणि उधारीचे फोटो घालवले होते.

आवृत्ती बदलली की फोल्डर पाहायची गरज नाही, असे समजणारे पुष्कळ भेटतात. नवे कुलूप दारावर बसते. आत आधीच शिरलेल्याला ते बाहेर काढत नाही. म्हणून क्रम हवा: आधी फोल्डर, मग आवृत्ती. दोन्ही मिळून दहा मिनिटांचे काम. गोषवाऱ्यात फोल्डरचा उल्लेखच नव्हता.

अमेरिकी सरकारने 12 ऑगस्ट 2025 रोजी ही त्रुटी प्रत्यक्ष वापरल्या जात असलेल्या त्रुटींच्या यादीत घातली आणि आपल्या खात्यांना 2 सप्टेंबरची मुदत दिली. निदान तारीख तरी दिली. ती तारीख हार्डवेअरच्या दुकानाला जशीच्या तशी लागू नाही. ‘ईसेट’च्या संशोधकांना 18 जुलैला सापडलेले हल्ले युरोप आणि कॅनडातल्या वित्त, उत्पादन, संरक्षण अन् मालवाहतुकीच्या कंपन्यांवर होते. नोकरीच्या अर्जासोबतचा बायोडेटा म्हणून फाइल जायची. एका फाइलीतला प्रोग्राम तर यंत्राचे डोमेन ठरलेल्या नावाशी जुळते का ते आधी बघायचा आणि जुळले नाही तर गप्प बसायचा. तेव्हा त्याला आपल्या गल्ल्यात रस नव्हता. पण कृती एकदा छापून आली की स्वयंपाक कुणीही करतो, आणि दुसऱ्या टोळीने तिथे अशी नावे जुळवत बसायचे कारण नाही. गोषवाऱ्यात धोक्याची ओळ लिहिताना हे दोन्ही सांगायला हवे. नुसते ‘गंभीर’ लिहिले की पहिला भाग माहीत असणारा हसतो आणि दुसरा माहीत नसणारा झोपतो.

फसवी फाइल ओळखू येते का? थोडीफार. आपल्या यंत्रात स्टार्टअप फोल्डर किती पायऱ्या दूर आहे हे पाठवणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून तो अनेक अंदाज एकाच पाकिटात भरतो. बरेचसे अंदाज चुकतात आणि विनरार त्रुटींची यादी दाखवते. पहिल्या हल्ल्यांत या यादीत मुद्दाम निरर्थक, निरुपद्रवी वाटणाऱ्या ओळी भरल्या होत्या. खऱ्या ओळी दिसायला खाली सरकवत जावे लागे. एका साध्या दरपत्रकासाठी चुकांची लांबलचक यादी आली आणि तरीही दरपत्रक नीट उघडले, तर ते नशीब समजू नये. दुकानातल्या मुलाला ‘अनोळखी फाइल उघडू नको’ असे सांगून उपयोग नाही, कारण फाइल ओळखीच्याच्या नावाने येते. ‘अशी यादी दिसली तर मला हाक मार’ हे तो करू शकतो.

तिसरी तपासणी दुकानदाराची नाहीच. विनरारचा एक भाग, UnRAR.dll, इतर सॉफ्टवेअरच्या पोटातही असतो. तो बिलिंगमध्ये आहे का, हे बिलिंगवाल्याला विचारायचे. तातडी: त्याची पुढची फेरी. पण प्रिंटर दाखवण्याआधी.

भिंतीवरचा तो कागद पाहिला त्या संध्याकाळी आम्ही दुकानातल्या संगणकाचा फोल्डर उघडला. आत बिलिंगचा एक शॉर्टकट होता, बाकी काही नाही. मग 6.11 काढून टाकले. .rar फाइल शेवटची कधी आली होती ते दुकानदाराला आठवेना. मागच्या गुढीपाडव्याच्या बॅनरची असावी, असे तो म्हणाला. नवी आवृत्ती घालायचीच कशाला, असा प्रश्न त्याने विचारला. आम्ही घातली नाही.