पाच किलोमीटर, पण कोणत्या वाटेने?

तामिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात, पोट्टीपुरम गावाजवळच्या डोंगराखाली भारतीय न्यूट्रिनो वेधशाळा उभारण्याची योजना होती. डोंगराच्या पायथ्यापासून सुमारे दोन किलोमीटर लांबीचा बोगदा आत न्यायचा, त्याच्या टोकाशी एक प्रशस्त गुहा कोरायची आणि तिच्यात पन्नास हजार टन लोखंडाचा चुंबकीय शोधक ठेवायचा, असा तो आराखडा होता. माथ्यावरच्या किलोमीटरभराहून अधिक जाडीच्या खडकाने वैश्विक किरणांचा गोंगाट अडवावा, म्हणून ही जागा निवडली गेली. या प्रकल्पाला २०११ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. मार्च २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती स्थगित केली. त्या निर्णयामागे एक आकडा होता, ४.९ किलोमीटर. केरळच्या इडुक्की जिल्ह्यातील मथिकेट्टन शोला राष्ट्रीय उद्यान प्रकल्पस्थळापासून इतके दूर होते आणि नियमाची मर्यादा पाच किलोमीटरांची होती.

या प्रकल्पाविषयी बरीच चर्चा झाली. न्यूट्रिनो म्हणजे काय, स्फोटांनी धरणे हादरतील का, भूजल आटेल का, असे प्रश्न त्या चर्चेत सतत येत राहिले. मात्र ४.९ हा आकडा कसा मोजला जातो, याकडे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीही फारसे पाहिले नाही. खरे तर या वादातला तोच भाग कोणालाही घरबसल्या तपासता येण्याजोगा होता.

त्या भागाचा नकाशा उघडून एखाद्याने वेधशाळेच्या जागेपासून उद्यानापर्यंतचा मार्ग शोधला, तर पाच किलोमीटरांच्या जवळपासचे काहीही त्याला दिसणार नाही. मध्ये पश्चिम घाटाची भिंत उभी आहे. पायथ्याच्या गावातून आधी बोडीनायकनूरला जावे लागते, तेथून बोडीमेट्टूचा वळणावळणांचा घाट चढावा लागतो आणि मग केरळात उतरून उद्यानाकडे वळावे लागते. त्यातला नुसता घाटच पंचवीस किलोमीटरांच्या आसपास आहे. एवढ्यावरून ‘उद्यान तर कितीतरी लांब आहे’ असा निष्कर्ष काढणे सोपे, पण तो निष्कर्ष चुकीच्या मोजपट्टीतून आलेला आहे. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेतील सर्वसाधारण अट संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासूनचे अंतर विचारते. ही मर्यादा पूर्वी दहा किलोमीटर होती, २०१४ मध्ये ती पाचवर आणली गेली. त्या अटीत मोटार किती वेळात पोहोचते हा मुद्दाच नाही. सुरुंगाचा हादरा घाटाची वळणे घेत जात नाही. प्रकाश, धूळ, आवाज यांनाही रस्ता लागत नाही. ज्या कणाच्या शोधासाठी हा सारा खटाटोप होता, तो न्यूट्रिनो तर अख्खी पृथ्वी भेदून सरळ निघून जातो.

रस्त्याच्या अंतराचा दुसरा दोष असा की ते बदलता येते. लवादाचा निर्णय आला त्याच सुमारास, शेजारच्या केरळातच, याचा एक विनोदी दाखला पाहायला मिळाला. महामार्गापासून पाचशे मीटरांच्या आत मद्यविक्री नको, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश अमलात येत होता. एर्नाकुलम जिल्ह्यातील एका मद्यालयाच्या मालकाने आपल्या आवारात भिंती उभारून चक्रव्यूहासारखी नागमोडी वाट बांधली. दुकान होते तेथेच राहिले, फक्त ग्राहकाची पायपीट वाढली आणि चालण्याचे अंतर पाचशे मीटरांपलीकडे गेले. स्थानिक अधिकारी चालण्याचेच अंतर मोजत असल्याने युक्ती लागू पडली. याच्या उलट, आसामात लोहित नदीवर धोला-सादिया पूल २०१७ मध्ये खुला झाला, तेव्हा आसाम आणि अरुणाचल यांमधला प्रवास दीडशेहून अधिक किलोमीटरांनी कमी झाला. जमीन कोठेच सरकली नव्हती. भिंत बांधून वाढणारे आणि पूल बांधून घटणारे अंतर प्रवाशाच्या उपयोगाचे असेल, पण एखादे ठिकाण खरोखर कोठे आहे याचा पुरावा म्हणून ते कुचकामी आहे.

तरीही पडताळणीत रस्त्याच्या अंतराला एक नेमके काम देता येते. दोन बिंदूंमधला रस्ता सरळ रेषेतील अंतरापेक्षा कमी कधीच असू शकत नाही. म्हणून एखादी जागा खुणेच्या स्थळापासून ‘रस्त्याने सहा किलोमीटर’ असल्याचा दावा असेल आणि नकाशावरची सरळ रेषाच नऊ किलोमीटर भरत असेल, तर तो दावा तेथेच संपतो, पुढे काही पाहण्याची गरज नाही. उलट दिशेने मात्र ही कसोटी मुकी आहे. सरळ रेषा पाच भरली म्हणून रस्ता सात असेल की पन्नास, हे तिच्यातून कळत नाही. मैदानी मुलखात रस्ता सरळ अंतराच्या दीडपटीच्या आत राहिला तर नवल नाही, घाटात तो दहापटही होऊ शकतो. मैदानातली ही सवय मनात ठेवून डोंगरातले दावे तपासणारा माणूस हमखास फसतो.

आता सरळ रेषा कशी काढायची ते पाहू. विषुववृत्तापासून दहा अंशांवर, म्हणजे थेनीच्या परिसरात, अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा असतो आणि रेखांशाचा एक अंश सुमारे १०९.६ किलोमीटरांचा. समजा, या टेकड्यांतील दोन बिंदूंच्या अक्षांशांत ०.०२०० अंशांचा आणि रेखांशांत ०.०४०० अंशांचा फरक आहे. उत्तर-दक्षिण अंतर २.२२ किलोमीटर, पूर्व-पश्चिम अंतर ४.३८ किलोमीटर, आणि पायथागोरसच्या नियमाने सरळ अंतर ४.९१ किलोमीटर. इतक्या लहान पल्ल्यात पृथ्वीची वक्रता विसरली तरी चालते. शाळेतले गणित येथे पुरेसे आहे.

अडचण गणितात नसून त्यात घातलेल्या आकड्यांत आहे. अक्षांश-रेखांश पुष्कळदा दोनच दशांश स्थळांपर्यंत दिलेले असतात. दुसऱ्या दशांश स्थळातला एक एकक म्हणजे एक किलोमीटरहून थोडे अधिक. दोन्ही बिंदू असे पूर्णांकित केलेले असतील, तर वरच्या उदाहरणातला रेखांशाचा फरक प्रत्यक्षात ०.०३ ते ०.०५ अंश यांमध्ये कोठेही असू शकतो, आणि तेवढ्यानेच उत्तर चारपासून ५.९ किलोमीटरांपर्यंत हलते. अंश आणि मिनिटे एवढेच दिले असतील तर अवस्था आणखी वाईट, कारण एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर. ४.९ की ५ हा वाद फक्त शंभर मीटरांचा आहे. तो मिटवायला किमान चार दशांश स्थळे किंवा सेकंदांपर्यंतची नोंद हवी.

त्याहून मोठी चूक खुणेच्या स्थळाविषयी होते. नकाशावर उद्यानाच्या नावाने जी टाचणी रोवलेली असते, ती सहसा क्षेत्राच्या मध्याशी किंवा प्रवेशद्वाराच्या कार्यालयाशी असते. नियम मात्र सीमेपासून मोजतो. मथिकेट्टनचे क्षेत्रफळ १२.८२ चौरस किलोमीटर आहे. ते वर्तुळाकार मानले तर त्रिज्या साधारण दोन किलोमीटर येते. म्हणजे सीमेपासून ४.९ किलोमीटरांवर असलेली जागा मध्यावरच्या टाचणीपासून सातच्या जवळ भरते आणि अलगद नियमाबाहेर निसटते. मोजणाऱ्याने खोटे बोललेले नसते, त्याने फक्त टाचणीवर विश्वास ठेवलेला असतो. प्रकल्पाच्या टोकालाही हाच प्रश्न आहे. बोगद्याचे तोंड एका जागी, गुहा दोन किलोमीटर आत. कोणत्या बिंदूपासून मोजायचे? अधिसूचनेची भाषा प्रकल्पाचा ‘पूर्ण किंवा काही भाग’ मर्यादेच्या आत येतो का, अशी आहे. त्यामुळे जमिनीखालचा भागही धरून, जो बिंदू सीमेला सर्वांत जवळचा, तोच मोजायचा, हा वाचनार्थ सर्वांत सरळ दिसतो.

उंचीचा प्रश्नही येथे गंमतीचा आहे. पायथा आणि घाटमाथा यांच्या उंचीत एक किलोमीटरचा फरक धरला आणि आडवे अंतर ४.९ घेतले, तर तिरक्या रेषेची लांबी ५.००१ किलोमीटर येते. एखाद्या चतुर वकिलाला हे सुचले असते, तर प्रकल्प पाच किलोमीटरांबाहेर असल्याचे त्याने गणिताने सिद्ध करून दाखवले असते. पण नकाशावरचे अंतर म्हणजे आडव्या प्रतलावर उतरवलेले अंतर, चढ-उतार त्यात मोजत नाहीत. उद्यानाची सीमाही तशीच आखलेली असते. दोन्ही टोकांना एकच पद्धत लावली नाही, तर हवे ते उत्तर काढता येते.

शंभर मीटरांवरून मूलभूत विज्ञानाचा एवढा मोठा प्रकल्प अडावा, याचा अनेक भौतिकशास्त्रज्ञांना खेद वाटणे स्वाभाविक आहे. पण मर्यादा कोठे तरी आखावीच लागते, आणि ४.९ ला सूट दिली तर पुढचा अर्ज ४.८ चा असतो. तक्रार करायचीच तर वेगळ्या गोष्टीची करावी. ज्या प्रकल्पात कणांच्या मोजमापातली प्रत्येक अनिश्चितता काटेकोरपणे नोंदवली जाते, त्याच्या अंतराचा आकडा सार्वजनिक चर्चेत कोणत्या बिंदूपासून, कोणत्या बिंदूपर्यंत आणि किती अचूकतेने मोजला, याविना फिरत राहिला. विरोधकांनी आणि समर्थकांनी आपापल्या सोयीचे ‘जवळ’ आणि ‘लांब’ वापरले.

मार्च २०१८ मध्ये केंद्राने विशेष बाब म्हणून प्रकल्पाला पुन्हा मंजुरी दिली. त्यानंतर तामिळनाडू सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात विरोध नोंदवला, तेव्हा मुद्दा वाघांच्या वावराचा होता. मथिकेट्टन आणि पेरियार यांना जोडणारा जंगलपट्टा याच डोंगररांगेतून जातो. वाघ घाटरस्त्याने जात नाही आणि पट्टीने आखलेल्या रेषेनेही जात नाही. तो झाडीच्या आडोशाने चालतो, आणि ते अंतर मोजायचे तर टाचणी आणि पट्टी बाजूला ठेवून जंगल कोठे सलग आहे आणि कोठे तुटले आहे, याचाच नकाशा आधी करावा लागतो.