खोली पाचशे फूट, पोरं साठ

तर मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष आहे. एका वर्गखोलीत किती मुलं बसतात? "बसतात" म्हणजे बसून लिहू शकतात. नुसती कोंबायची असतील तर एस.टी.मध्ये किती बसतात ते आपण पाहतोच.

माझं आजोळ राणीसावरगाव, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी. गेल्या डिसेंबरात गेलो होतो तेव्हा तिथल्या एका शाळेची एक खोली टेप लावून मोजली. (नाव लिहीत नाही. एकाच शाळेला झोडपून काही होणार नाही, कारण हे सगळीकडचंच आहे.) खोली आतून २० फूट रुंद, २५ फूट लांब. म्हणजे ५०० चौरस फूट. पट साठ. मुख्याध्यापक भले माणूस, पण म्हणाले, "पाचशे फुटाची खोली आहे, साठ पोरं आरामात मावतात की!"

माझं भांडण ह्या "मावतात"शी आहे.

आधी सरकारी हिशोब बघू. सीबीएसईच्या नियमात वर्गखोली किमान ५०० चौरस फूट आणि दर मुलामागे किमान एक चौरस मीटर जागा असं सांगितलंय. ५०० चौरस फूट म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर, म्हणजे ४६ मुलं. ही शाळा काही सीबीएसईची नाही, पण निदान तिथे आकडा तरी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षक किती हवेत ते आहे, दर शिक्षकामागे एक खोली हवी हेही आहे. ती खोली किती फुटांची, हे मात्र नाही! दहा बाय दहाची असली तरी खोली ती खोलीच. आणि शिक्षकांची संख्या निघते सगळ्या शाळेच्या पटावरून. एका वर्गात १८ आणि दुसऱ्यात ६० असतील तरी सरासरी छान दिसते. आम्ही आयटीवाले ही चूक चांगली ओळखतो. सगळ्या सर्व्हरचा सरासरी लोड झकास असतो आणि त्यातलाच एक धापा टाकत पडलेला असतो.

पण ४६ हा आकडाही पुरेसा नाही, कारण पोरं चौरस मीटरवर बसत नाहीत, बाकावर बसतात. आणि बाक अर्धा कापता येत नाही.

आता त्याच खोलीत बाकं मांडून बघा. दोघांचं बाक (बसायची फळी जोडलेलं, नेहमीचं) साडेतीन फूट लांब. पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत, मधे शिरायची जागा धरून, तीन फूट. फळा २० फुटी भिंतीवर. फळ्यापासून पहिल्या बाकापर्यंत सात फूट सोडायचे. त्यात सर उभे राहणार, टेबल-खुर्ची बसणार, आणि पहिल्या बाकावरच्याला मान वर करून फळा बघावा लागणार नाही. मागे तीन फूट सोडायचे, दप्तरं आणि कपाट ठेवायला आणि चालायला. उरले १५ फूट, म्हणजे एकामागे एक पाच बाकं. रुंदीत अशा चार रांगा लावल्या तर १४ फूट गेले. कडेच्या दोन रांगा भिंतीला टेकवल्या की उरलेल्या सहा फुटांत दोन-दोन फुटांच्या तीन वाटा निघतात. चार रांगा गुणिले पाच बाकं म्हणजे वीस बाकं. मुलं चाळीस.

आता कुणी हुशार म्हणेल, मधल्या दोन रांगा एकमेकींना चिकटवा. बरोबर आहे. मग दोनच वाटा राहतात, पण तीन-तीन फुटांच्या, आणि कुठल्याही पोराला बाहेर पडताना एकाच शेजाऱ्याला उठवावं लागतं. मांडणी चांगलीच आहे, पण बाकं तरी वीसच. अशाच मांडणीने १८ बाय २८ च्या खोलीत मात्र चमत्कार होतो. चारी रांगा सुट्या ठेवल्या तर तीन वाटांना मिळून चार फूटच उरतात, एकेक वाट सोळा इंचांची, जिच्यातून माणूस आडवा होऊन जातो. म्हणून एक रांग काढायची, तर सहाच्या तीन रांगा, म्हणजे ३६ मुलं. मधल्या रांगा चिकटवल्या की वाटा दोन-दोन फुटांच्या होतात आणि मुलं ४८. क्षेत्रफळ तेच, ५०४ चौरस फूट. मांडणी बदलली की बारा मुलांचा फरक! आणि एक चौरस मीटरचा हिशोब तिथे ४६ वरच थांबवतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. दोन आकडे काढा, एक क्षेत्रफळाचा आणि एक बाकं मांडून आलेला. जो लहान तो खोलीचा आकडा. राणीसावरगावच्या त्या खोलीचा तो ४० आहे, ४६ नाही, आणि ६० तर नाहीच नाही.

मग साठ "मावतात" कशी? बाकं तीच वीस, फक्त दोघांच्या जागी तिघं. साडेतीन फूट म्हणजे ४२ इंच. दोघांत २१ इंच येतात, तिघांत १४. ए-फोर आकाराचं पुस्तक उघडलं तर ते साडेसोळा इंच होतं. म्हणजे पुस्तक उघडलं की वही मांडीवर. भिंतीकडच्या पोराला बाहेर यायला दोघांना उठवावं लागतं, म्हणून ते येतच नाही. आणि सर त्याच्या वहीपर्यंत पोचत नाहीत, म्हणून त्याची चूक चूकच राहते. पुढे लोक म्हणतात, पोरगं ढ आहे. अहो, त्याच्या वहीकडे वर्षभर कुणी वाकून बघितलंच नाही!

ह्यावर मुख्याध्यापकांचं हुकमी उत्तर होतं, "रोज साठ येतात कुठे?" खरंच, त्या दिवशी अडतीसच होती. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जातात, पोरं त्यांच्याबरोबर जातात, आणि खोली ऐसपैस दिसते. पण जूनपासून दिवाळीपर्यंत पट पूर्ण असतो, तेही पावसात खिडक्या लावून. कारखान्याचा पट्टा पडला की तीच पोरं परत येतात, ऐन परीक्षेच्या तोंडावर, मागे पडलेली. ज्यांना सरांनी शेजारी बसून शिकवायला हवं त्यांच्यासाठी नेमकी तिसरी जागा, बाकाच्या टोकाची. पोरं गैरहजर राहतील ह्या भरवशावर खोलीचं गणित बसवायचं, ह्याला नियोजन म्हणत नाहीत.

खोली भरली की नाही हे ओळखायला टेपही लागत नाही. दाराकडून शेवटच्या बाकापर्यंत अंग न चोरता चालत जा. भिंतीकडच्या पोराची वही हातात घेऊन बघा. दोन्ही जमलं तर ठीक. नाही जमलं तर पट काहीही सांगो, खोली भरलेली आहे.

आणि उपाय? कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात पाऊण हिस्सा पालकांचा असतो आणि शाळेचा विकास आराखडा तिनेच करायचा असतो. त्या आराखड्यात "खोली अपुरी आहे" एवढंच लिहिलं तर फाईल बंद होते. चौकटीच्या वहीत खोली काढा, एक घर म्हणजे एक फूट, बाकं मांडा, आकडा काढा आणि जोडा: "बाकं वीस, मुलं चाळीस, पट साठ, म्हणून आणखी एक खोली आणि एक शिक्षक." हे चित्र नाकारायचं तर साहेबाला एकविसावं बाक कुठे ठेवायचं ते दाखवावं लागेल. मग तोच आकडा ऑइलपेंटने दारावर लिहा. लिफ्टमध्ये लिहितात ना, किती माणसं? लिफ्टमध्ये आपण दोन मिनिटं असतो. वर्गात पोरं दहा वर्षं असतात.